गोवा मुक्तीलढा: सत्याग्रह की शस्त्र? दीर्घोत्तरी प्रश्नाचा निष्कर्ष काय लिहावा?

डिचोलीकर_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी बारावीला आहे, कला शाखेत. इतिहासाच्या सराव परीक्षेत प्रश्न आला होता: 'स्वातंत्र्यलढ्यांतील अहिंसक आणि सशस्त्र प्रतिकाराची तुलना करून तर्कशुद्ध निष्कर्ष लिहा.' तिने एका बाजूला गांधीजी आणि दुसऱ्या बाजूला भगतसिंग घेऊन चार पानं लिहिली. शेवटी लिहिलं, 'दोन्ही मार्ग आपापल्या जागी महत्त्वाचे होते.' बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून एवढंच विचारलं, 'मग निष्कर्ष कुठे आहे?'

तिला आता हेच उत्तर गोव्याचं उदाहरण घेऊन नव्याने लिहायचं आहे. आपल्याकडे लोहियांची सभा झाली, आझाद गोमंतक दल झालं, शेवटी सैन्य आलं, एवढं तिला माहीत आहे. पण तुलना करायची तर कशाशी काय लावून बघायचं, तिथे आम्ही दोघीही अडलो आहोत. जाणकारांनी सांगावं.

फोंडेकर

ताई, अहिंसक मार्गाचं गोव्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. विलीनीकरण हवं की संघप्रदेश, हा एवढा तापलेला प्रश्न लोकांनी मतपेटीतून सोडवला. तेव्हा मी पहिलीत होतो. आमच्या घरात दोन तट होते, वडील एका बाजूला आणि काका दुसऱ्या. दोघं महिनाभर एका पंक्तीला जेवले नाहीत, पण हातघाईवर कोणी आलं नाही. मुलीला हे जरूर लिहायला सांगा.

डिचोलीकर_आई

काका, धन्यवाद. पण प्रश्न परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्याचा आहे, म्हणजे १९६१ च्या आधीचा. ही घरातली गोष्ट मात्र तिला वाचून दाखवली. आवडली तिला.

वास्कोचा_फौजी

उत्तर सरळ आहे. १९४६ पासून १९६१ पर्यंत, पंधरा वर्षं, सत्याग्रह चालले. लोक मार खात राहिले, तुरुंगात गेले, मेले. सालाझार तसूभर हलला नाही. मग १८ डिसेंबर १९६१ ला मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली फौज शिरली आणि साधारण छत्तीस तासांत साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. निष्कर्ष एका ओळीचा: ज्याला लाज नाही त्याच्यापुढे सत्याग्रह चालत नाही, तिथे शस्त्रच लागतं. मी स्वतः सैन्यात बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून हे भावनेच्या भरात बोलत नाही.

मांडवीपार

फौजीभाऊंचं अर्धं पटतं. अर्धं का पटत नाही ते सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे. मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला आणि दर वर्षी मुलं इथेच अडखळायची.

मुलीला सांगा, आधी 'कोणता मार्ग चांगला' हे विचारू नकोस. सत्ता कशाच्या आधारावर उभी होती ते विचार. प्रत्येक राजवटीला काही टेकू असतात: लोकांची आज्ञाधारकता, महसूल, पोलीस, बाहेरून येणारी कुमक आणि जगात टिकवलेलं नाव. प्रतिकार कोणत्याही मार्गाचा असो, त्याने यातला कोणता टेकू काढला, एवढं तपासायचं.

ब्रिटिश हिंदुस्थानात राज्याचा गाडा हिंदी कारकून, हिंदी शिपाई आणि हिंदी शेतसारा यांच्या जोरावर चालत होता. लाखो लोकांनी हात आखडता घेतला की तो अडायचा. शिवाय लंडनमध्ये निवडून आलेली पार्लमेंट होती आणि सरकारला टोचणारी वर्तमानपत्रं होती. लाठीमाराची बातमी तिथे पोचायची आणि कुणाला तरी तिचं उत्तर द्यावं लागायचं.

आता गोवा बघा. तेव्हाची वस्ती सहा लाखांच्या आसपास. लष्कर पोर्तुगालमधून आणि आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेलं. लिस्बनमध्ये एकाच माणसाची हुकूमशाही आणि छापायच्या आधी बातमी तपासणारा सेन्सॉर. १९५१ मध्ये सालाझारने घटना बदलून गोव्याला वसाहत न म्हणता पोर्तुगालचा 'सागरपार प्रांत' ठरवलं. त्यामुळे त्याच्या लेखी गोवा सोडणं म्हणजे घराची एक खोली सोडणं झालं. गोव्यातल्या लोकांनी सहकार्य काढून घेतलं तरी लिस्बनचा दिवा विझणार नव्हता.

१८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया आणि असोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी बंदी मोडून सभा घेतली. प्रशासक मिरांडाने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. पोर्तुगिजांसमोर उघड उभं राहता येतं हे त्या संध्याकाळी गोवेकरांनी डोळ्यांनी पाहिलं. भीतीचा टेकू तिथे हलला, हे त्या सभेचं खरं काम. पण पुढे काय झालं? त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर आणि इतरही असेच समुद्रापार गेले. पुढाऱ्याला त्याच्या लोकांपासून इतकं लांब नेऊन टाकायची सोय असली की तुरुंग भरून सरकारला जेरीला आणायचा डाव चालत नाही.

इथपर्यंत फौजीभाऊ बरोबर आहेत. 'म्हणून शस्त्र' हे मात्र एवढ्या सरळ येत नाही. शस्त्रही गोव्यात तितकंच अडलं होतं. उरलेलं रात्री लिहितो.

पणजी_अठरा_जून

सर, मध्येच बोलतो. मी राज्यशास्त्रात एमए करतोय. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ चळवळी तपासल्या. अहिंसक चळवळी ५३ टक्के वेळा यशस्वी झाल्या, सशस्त्र २६ टक्के वेळा. त्याच संशोधनातून पुढे ३.५ टक्क्यांचा आकडा आला: लोकसंख्येच्या एवढ्या वाट्याने सक्रिय भाग घेतला की सत्ता सहसा टिकत नाही. सहा लाखांचे साडेतीन टक्के म्हणजे २१ हजार. मग गोव्यात चूक मार्गाची नव्हती, २१ हजार माणसं रस्त्यावर उतरली नाहीत ही होती. असा निष्कर्ष काढला तर?

रानवारा_सत्तरी

२१ हजार कसे उतरणार होते बाबा? सभेला परवानगी नाही, पत्रकाला परवानगी नाही, साधी लग्नपत्रिका छापायची तरी कागद आधी सेन्सॉरकडे. आमच्या गावात चार माणसं पिंपळाखाली बोलत बसली तर पाचवा कोण हे आधी बघायचे, असं आजी सांगायची.

माझ्या आजोबांचं सांगतो. ते खाणीवर कामाला होते. खाणीतली सुरुंगाची दारू थोडी थोडी करून गवताच्या भाऱ्यात लपवून ते दलाच्या पोरांना पोचवायचे. आजी म्हणायची, भारा नेहमीपेक्षा हलका असला तरी हे मान वाकवून, जड असल्यासारखे चालायचे. दोनदा पोलिसांनी घर उलथंपालथं केलं. काही सापडलं नाही, तरी आजोबांच्या पायांवर इतकं मारलं की पुढे त्यांना कधी मांडी घालून बसता आलं नाही. जेवायला पाटाऐवजी स्टूल लागायचं.

मुक्तीनंतर पुष्कळ वर्षांनी वडिलांनी स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी अर्ज केला. एका कार्यालयात विचारलं, तुरुंगात होते का? नव्हते. खटला झाला का? नाही झाला. मग पुरावा काय? फाईल परत. सत्याग्रहींची नावं निदान कोर्टाच्या दप्तरात तरी आहेत. आमच्या आजोबांनी पकडले जायचं नाही हेच काम केलं, तर त्यांचं नाव कुठे असणार? तुमच्या ३२३ चळवळींत हे कुठल्या रकान्यात बसतं?

मांडवीपार

रानवारा, तुमच्या आजोबांची गोष्ट या धाग्याच्या मधोमध असायला हवी. तिच्याकडे परत येतो.

आधी २१ हजारांचा हिशेब. आकडेमोड बरोबर आहे, पण साडेतीन टक्के कुणाचे? हा आकडा अशा ठिकाणी लागू पडतो जिथे राज्यकर्ता त्याच लोकांवर जगत असतो. सालाझार गोवेकरांवर जगत नव्हता. तो पोर्तुगालमधल्या सुमारे नव्वद लाख लोकांवर राज्य करत होता. त्यांचे साडेतीन टक्के काढलेस तर तीन लाखांच्या वर जातात, म्हणजे निम्मा गोवा. शिवाय ती गर्दी लिस्बनच्या रस्त्यावर हवी, पणजीच्या नव्हे. एमएच्या प्रबंधात हे जरूर मांड, फार लोकांनी विचारलेलं नाही.

आता शस्त्राची बाजू. मुलीला इथे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवायला सांगा, दोन्ही दीड वर्षाच्या आतले.

पहिला दादरा-नगर हवेलीचा. ही दोन्ही ठिकाणं पोर्तुगिजांची, पण चारही बाजूंनी भारतीय मुलूख. दमणहून तिथे पोलीस पाठवायचे तर भारताच्या हद्दीतून न्यावे लागत. जुलै १९५४ मध्ये भारताने ती वाट बंद केली. २१-२२ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादराची पोलीस चौकी घेतली. चौकीचा अधिकारी आनिसेतु द रोझारियु लढताना मारला गेला. २८ जुलैला नरोली गेली. आझाद गोमंतक दलाचे आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले ते २ ऑगस्टला. कप्तान फिदाल्गु उरलेले शिपाई घेऊन खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. हत्यारं कोणती? थोड्या बंदुका, काही पिस्तुलं, फटाके आणि काळोख.

दुसरा बेतीचा. पणजीच्या फेरी धक्क्यावर उभं राहून पलीकडे पाहा, समोर दिसते ती बेती. ऑक्टोबर १९५५ मध्ये मोहन रानडे आणि त्यांच्या साथीदारांनी तिथल्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. सांगलीहून येऊन इथे शिक्षकी करणारा हा माणूस. धाडस सिल्वासाहून कमी नव्हतं, उलट जास्तच, कारण हे सरकारच्या नाकासमोर, नदीच्या एका तरीवर होतं. रानडे गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर.

माणसं त्याच बाण्याची, हत्यारंही साधारण तशीच. मग एका ठिकाणी तीन आठवड्यांत विजय आणि दुसरीकडे सव्वीस वर्षं? फरक कुमकेच्या वाटेत आहे. सिल्वासाला कुमक येऊ शकत नव्हती, म्हणून घेतलेली चौकी घेतलेलीच राहिली. गोव्याला मुरगावचं बंदर होतं. एक ठाणं पडलं तरी आगबोटीने नवी पलटण उतरायची, आणि तोवर आजूबाजूच्या गावांवर धाडी पडायच्या. दलाच्या बाळा मापारींना फेब्रुवारी १९५५ मध्ये कोठडीत हाल हाल करून मारलं. रानवाराच्या आजोबांच्या पायांचा हिशेबही यातलाच. ठाण्यावर हल्ला करणारा रानात निघून जातो, त्या रात्रीची किंमत गाव मोजतं.

फौजीभाऊ, गोव्यातलं शस्त्र सत्याग्रहापेक्षा जास्त यशस्वी झालं असं म्हणायचं असेल तर हा दुसरा प्रसंग आड येतो. दोघांपुढेही अडसर एकच होता, समुद्र.

वास्कोचा_फौजी

कुमकेचा मुद्दा मान्य. लष्करातला पहिला धडाच तो. पण सर, तुम्हीच माझं म्हणणं सिद्ध करताय. समुद्र बंद करायला नौदल लागतं. डिसेंबर ६१ मध्ये 'आफोन्सु द आल्बुकेर्क' हे त्यांचं जहाज आपल्या नौदलाने निकामी केलं, दाभोळीची धावपट्टी विमानदलाने फोडली, मग जमिनीवरचं काम उरलं किती? शेवटी शस्त्रच.

बांद्याचा_नातू

मी गोव्याचा नाही, पलीकडचा, बांद्याचा. पण पत्रादेवी आमच्यापासून चालत जायच्या अंतरावर.

१५ ऑगस्ट १९५५ च्या आदल्या रात्री आमच्या घरात सत्याग्रही उतरले होते. आजीने चुलीवर पेजेचा हंडा चढवला. पाऊस कोसळत होता. महाराष्ट्रातले होते, मध्य प्रदेशातले होते, एक सरदारजी होते. कुणाला कुणाची भाषा धड येत नव्हती. सकाळी निघताना पुष्कळांनी वळकट्या आणि चपला पडवीत ठेवल्या, चिखलात चप्पल रुतते म्हणून. काठीसुद्धा न्यायची नाही असा दंडक होता, फक्त झेंडा. एका म्हाताऱ्याकडे आधाराची काठी होती, ती त्याने आजीच्या हातात दिली.

संध्याकाळी परत आलेल्यांनी आपल्या चपला ओळखून घेतल्या. काही जोड तसेच राहिले. आजीने ते पावसाळा संपेपर्यंत पडवीतून हलवले नाहीत.

त्या दिवशी पत्रादेवीला कर्नैलसिंग पडले. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे गेल्या, त्यांना गोळ्या लागल्या. सगळ्या सीमांवर मिळून वीसहून अधिक माणसं मेली. मला जाणकारांना एकच विचारायचं आहे. ज्यांनी त्यांना पाठवलं त्यांना गोळीबार होणार हे माहीत होतं का? आणि होतं, तर ती माणसं कशासाठी मेली? पुढे सहा वर्षं काहीच झालं नाही ना?

मांडवीपार

नातूसाहेब, तुमचा प्रश्न अवघड आहे. त्याचे दोन भाग करतो.

माहीत होतं का? मार पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. १९५४ च्या १५ ऑगस्टला फक्त गोमंतकीयांच्या तुकड्या गेल्या होत्या. आल्फ्रेड आफोन्सु यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढवला आणि ते सगळे पकडले गेले. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट आत शिरले. नानासाहेबांना बेदम मारहाण करून पुढे दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. मधु लिमये, जगन्नाथराव जोशी यांचंही तसंच झालं. पोर्तुगिजांचा रिवाज असा होता की साध्या सत्याग्रहीला झोडपून सीमेवर आणून टाकायचं आणि पुढाऱ्याला आत ठेवायचं. तीन हजारांहून जास्त निःशस्त्र माणसं एकाच दिवशी चहूकडून आत आल्यावर हा रिवाज चालणार नव्हता. इतक्या जणांना ठेवायला तुरुंग नव्हते. तेव्हा एक तर त्यांना येऊ द्यायचं, नाही तर गोळी घालायची. गोळी घालतील असं ठामपणे कुणी म्हटलं नव्हतं, पण आयोजकांना ते सुचलंच नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

कशासाठी मेली? इथे माझं मत मांडतो, पटलं नाही तर सांगा. त्या दिवसापर्यंत दिल्ली म्हणत होती की गोव्याचा प्रश्न वाटाघाटीने सुटेल. गोळीबारानंतर भारताने १ सप्टेंबरला पणजीतला आपला वकिलातीचा दरवाजा बंद केला, गोव्याची नाकेबंदी घट्ट झाली, रेल्वे थांबली. पण त्याच वेळी काँग्रेसने सत्याग्रहसुद्धा थांबवला. म्हणजे लोकांच्या हातातलं हत्यार काढून घेतलं आणि सरकारने आपलं उपसलं नाही. मधली सहा वर्षं पोकळ गेली ती यामुळे. तो दोष मी पत्रादेवीला गेलेल्यांच्या माथी मारणार नाही.

पण त्या वीस-बावीस मृत्यूंनी एक टेकू कायमचा काढला. 'गोव्यात सगळं शांत आहे, हा आमचा प्रांत आहे' हे सांगणं त्यानंतर दर वर्षी कठीण होत गेलं. एप्रिल १९६० मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दादरा-नगर हवेलीच्या खटल्यात ठरवलं की भारताच्या हद्दीतून फौज न्यायचा हक्क पोर्तुगालला नाही. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्याला स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातलं, म्हणजे 'प्रांत' हा शब्दच नाकारला. वर्षभराने भारताची फौज आत गेली तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला. तो रशियाच्या नकाराधिकाराने पडला हे खरं. पण आशिया-आफ्रिकेतले नव्याने स्वतंत्र झालेले देश भारताच्या बाजूने उभे राहिले. त्यांना गोव्यातलं राज्य कसं आहे हे गोळीबाराने दाखवलेलं होतं.

फौजीभाऊ, आता छत्तीस तासांचं. ते इतके थोडे का लागले? गोव्यात १९५५ च्या सुमारास पोर्तुगिजांची फौज पुष्कळ मोठी होती. १९६१ मध्ये ती साडेतीन हजारांच्या आत आली होती. फेब्रुवारी १९६१ पासून अंगोलात उठाव पेटला होता, आणि शिपाई गोव्यात बसवून ठेवणं त्यांना परवडेना. म्हणजे आपल्यावरचा भार अंगोलातल्या बंडखोरांनी हलका केला. तरीही लढाई लांबली असती. सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण जायचं नाही. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा याने तो मोडला आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. पोर्तुगालने त्याला लष्करातून काढून टाकलं. त्या एका माणसाने हुकूम पाळला असता तर पणजी आणि मुरगाव आज आपल्याला वेगळ्या कारणाने आठवली असती.

मुलीसाठी निष्कर्ष मी असा लिहीन, तिने तो आपल्या शब्दांत आणावा. गोव्यात सत्याग्रह पोर्तुगीज सत्ता घालवू शकला नाही, कारण ती सत्ता गोवेकरांच्या सहकार्यावर उभी नव्हती. भूमिगत सशस्त्र गटही ती घालवू शकले नाहीत, कारण समुद्राची वाट त्यांना बंद करता येत नव्हती. जिथे ती वाट बंद होती, तिथे, म्हणजे सिल्वासात, मूठभर लोकांनी काम केलं. सत्ता प्रत्यक्ष घालवली सैन्याने. पण सैन्य पाठवण्याचा अधिकार जगापुढे मांडता आला तो सत्याग्रहामुळे. यावर बाई विचारतील की एकाची निवड करायची तर कोणता? तेव्हा तिने बिनधास्त लिहावं: गोव्यासारख्या छोट्या आणि बाहेरून पोसल्या जाणाऱ्या वसाहतीत कुमक तोडल्याशिवाय कोणताच मार्ग पुरत नाही, आणि कुमक तोडणं सहा लाखांच्या प्रजेच्या हातात नसतं.

पणजी_अठरा_जून

सर, मग एक राहिलं. पोर्तुगालने गोव्याचं विलीनीकरण मान्य केलं ते डिसेंबर १९७४ च्या करारात, लिस्बनमध्ये २५ एप्रिलची क्रांती झाल्यावर. ती क्रांती त्यांच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी केली, बंदुकीच्या नळ्यांत फुलं खोचून, जवळजवळ रक्त न सांडता. पण ते अधिकारी आफ्रिकेतल्या तेरा वर्षांच्या लढायांना कंटाळले होते म्हणून उठले. मग याला कुठल्या रकान्यात टाकायचं?

मांडवीपार

दोन्ही रकान्यांत. तुझ्या ३२३ च्या तक्त्याशी माझं भांडण एवढंच आहे. तक्ता एका चळवळीला एक खूण करतो.

वास्कोचा_फौजी

सर, कुमकेबद्दल मी माघार घेतली, अंगोलाबद्दलही घेतो, तो मुद्दा मला माहीत नव्हता. पण बांद्याच्या आजीच्या पडवीतल्या चपलांबद्दल तुमचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. निःशस्त्र माणसाला रायफलसमोर पाठवायचं आणि मागून कव्हर द्यायचं नाही, हे कुठल्याही सेनापतीला माफ होत नाही. नेत्यांना का व्हावं?

बांद्याचा_नातू

फौजीसाहेब, तुमचं हे वाक्य वाचून गलबलून आलं. पण आजीला मी लहानपणी हेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, 'त्यांना कुणी पाठवलं नव्हतं रे. रात्रभर जागे होते, परत फिरायला सगळी रात्र होती.' एक जण पहाटे खरंच परत गेला होता, आणि त्याला कुणी अडवलं नाही, असंही सांगायची.

डिचोलीकर_आई

मुलगी इथे शेजारी बसून सगळं वाचते आहे. तिने उत्तराचा सांगाडा बदलला. सुरुवात सिल्वासा आणि बेती शेजारी ठेवून करणार आहे, मग पत्रादेवी, मग ६१. सरांचा शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवायचा नाही असं तिने स्वतःच ठरवलं. तिला वाटतं की 'प्रजेच्या हातात नसतं' हे फार कडक आहे, कारण आंबोलीच्या आणि कॅसलरॉकच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सहा वर्षं गुप्त रेडिओ चालवत होते आणि गोव्यात लोक दारं लावून तो ऐकत होते, तेही प्रजेच्याच हातचं होतं. सर, हे तिने लिहिलं तर चालेल का?

रानवारा दादा, तिने तुमच्यासाठीही एक विचारलं आहे. आजोबांच्या भाऱ्याची गोष्ट नावगाव न घेता उत्तरात घालू का?

रानवारा_सत्तरी

घाल म्हणावं. नाव घातलं तरी चालेल, पण परीक्षेत नको. भाऱ्याखाली मान वाकवून चालायचे, तेवढं मात्र विसरू नको म्हणावं.

मांडवीपार

रेडिओचं चालेल, चालेल काय, मी विसरलो होतो. माझा परिच्छेद तिने तिथेच तोडला पाहिजे. तिला विचारा, ऐकणाऱ्यांनी दारं लावली यातून भीतीचा टेकू शिल्लक होता असं म्हणायचं, की गेला होता असं? दोन्ही बाजूंनी लिहिता येईल. तिने ठरवावं.